नवा जोक छोट्या ऑडियन्सवर ट्राय करणं (नागपूर)

नवीन लिहिलेला जोक मोठ्या शोमधे न टाकता आधी पंधरा-वीस लोकांसमोर बोलून बघायचा, ते कुठे हसतात कुठे गप बसतात ते पकडायचं आणि जिथे लंगडतो तिथे दुरुस्त करायचा, ही स्टँडअपवाल्यांची रोजची पद्धत. नागपुरात हे बहुतेक ओपन माईकवर होतं, म्हणजे एखाद्या कॅफेची वरची खोली, एक माईक, आणि प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. नवखे लोकच हे करतात असं नाही, जेरी साइनफेल्ड या नावाजलेल्या अमेरिकन कॉमेडियनने १९९८ नंतर जुना सगळा माल बाजूला ठेवला आणि परत छोट्या क्लबमधे जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली, २००२ च्या एका डॉक्युमेंटरीत तो स्टेजवर अडखळताना दिसतो. आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकात किंवा खडीगंमतीत सोंगाड्या समोरचं पब्लिक बघून वाक्य फिरवतो, तो पण याच जातीचा प्रकार, फक्त तिथे दुरुस्ती जागच्या जागी होते.

जोक व्हॉट्सअपवर पाठवून किंवा एका मित्राला ऐकवून का चालत नाही? कारण हसू ही टोळीची गोष्ट आहे. रॉबर्ट प्रोवाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात लोक एकटे असताना जितकं हसतात त्याच्या साधारण ३० पट चारचौघात हसतात असं निघालं. म्हणून खोलीत वीसच लोक असले तरी त्यांना पुढच्या खुर्च्यांवर चिकटून बसवतात. तेच वीस लोक सहा टेबलांवर पांगले की चांगला जोक पण मरतो आणि आपल्याला वाटतं लिखाणातच खोट आहे.

आता एक जोक धरून बघू, माझाच आहे. पहिला खर्डा असा होता: नागपूरचा उन्हाळा म्हणजे पंचेचाळीस डिग्री, घरोघरी कूलर, आमचा लोखंडी, आजोबांच्या काळातला, दर होळीनंतर नवीन गवत लावायचं, त्यात पाणी टाकायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं, तीस वर्षं मी टाकलं आणि बाबा मागून ओरडायचे, "चप्पल घाल बे, करंट मारते." आता मला बाळ झालं, लोक विचारतात मुलगा की मुलगी, मी म्हणतो काही असो, बादली उचलता आली पाहिजे.

पहिल्यांदा बोललो तेव्हा खोलीत अठरा जण, त्यातले सात-आठ स्वतःच्या नंबरची वाट बघणारे कॉमिक. हे लोक हसत नाहीत, डोक्यात आपलं स्क्रिप्ट घोकत असतात, त्यांना मोजायचंच नाही. फोन खिशात रेकॉर्डिंगवर ठेवला होता. हे फार गरजेचं आहे, कारण स्टेजवर घाबरलेल्या माणसाला दोन जणांचं हसू पण टाळ्यांचा कडकडाट वाटतो नाहीतर सगळी खोली हसली तरी ऐकू येत नाही. घरी ऐकलं तर पहिला अर्धा मिनिट शांतता, मग "चप्पल घाल बे" वर एकदम हसू, जिथे मी हसू ठेवलंच नव्हतं, आणि शेवटच्या बादलीवर नुसतं हं हं.

इथे शांतता ओळखता आली पाहिजे. ऐकणारी शांतता असते, चमचा वाजत नाही, चेहरे तुमच्याकडे. आणि हरवलेली शांतता असते, एक फोन उजळतो, मग दुसरा, कोणीतरी खुर्ची सरकवतं. माझी सुरुवातीची हरवलेली होती आणि कारण उघड होतं, मी नागपूरकरांना कूलर म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. खरं हसू शब्दावर पडतं, सगळीकडून एकदम. भिडेखातरचं हसू जरा उशिरा येतं, तुम्ही थांबून बघता तेव्हा, आणि मित्रांच्या टेबलावरून सुरू होतं.

बादली का पडली? रेकॉर्डिंग तीनदा ऐकल्यावर कळलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "बादली" म्हटल्यावर लोक हसायला तोंड उघडतात आणि मी वरून "उचलता आली पाहिजे" बोलत राहतो, मग ते ऐकायला परत गप होतात. इंग्रजीत शिकवतात की हसवणारा शब्द शेवटी ठेवा, मराठीत त्यासाठी वाक्य मुद्दाम उलटं करावं लागतं. सुदैवाने बोलताना आपण असं उलटं बोलतोच. दुसऱ्या वेळी फक्त एवढंच बदललं: "काही असो, उचलता आली पाहिजे बादली." आणि गप बसलो. अर्धी खोली हसली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी सोडणार नाही. दोन बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि शक्यतो खोली बदलायची कारण ऐकलेल्या जोकवर लोक दुसऱ्यांदा तसे हसत नाहीत. तिसऱ्या वेळी पंचेचाळीस डिग्री, आजोबा, गवत सगळं कापलं आणि थेट सुरू केलं, "आमच्या घरी कूलरमधे पाणी टाकायचं काम सगळ्यात लहान माणसाचं." आधी पहिलं हसू चाळिसाव्या सेकंदाला येत होतं, आता बाराव्या. गवतावर माझा जीव होता, पण गेलं.

चौथ्यांदा चप्पल परत आणली, कारण ती ऑडियन्सने स्वतःच निवडून दिली होती. बादलीनंतर एक शेपूट जोडलं: "बारशाला मामाने आणली अंगठी, आत्याने आणले वाळे, आणि बाबांनी आणली रबरी चप्पल." हे सगळ्यात जोरात गेलं, बादलीपेक्षा जोरात, म्हणजे जोकचा खरा शेवट चप्पल होता आणि मी चार आठवडे बादलीला शेवट समजत होतो. हा शोध घरी कागदावर लागला नसता असं मला वाटतं.

या पद्धतीची मोठी अडचण म्हणजे छोटी खोली फक्त त्या खोलीबद्दल खरं सांगते. नागपुरात "बे" वर कोणी हसत नाही, सगळेच बोलतात, त्यामुळे इथे आलेलं हसू चपलेचं असतं. हाच जोक पुण्यात बोललो तर लोक "बे" वरच फुटले, आणि मी खूश झालो, पण ते बोलीला हसले होते, जोकला नाही, पुढे चप्पल आली तेव्हा शांत. मुंबईत तर आणखी वेगळं, कूलरमधलं पाणी हवेत उडून जाताना हवा थंड करतं आणि दमट हवेत ते नीट होतच नाही, त्यामुळे लोखंडी कूलरला ओल्या पायाने हात लावून झटका खाल्लेला माणूस तिथे सापडणं कठीण. तिथल्यासाठी कापलेल्यातलं एक वाक्य परत आत घ्यावं लागतं, "आमचा कूलर लोखंडी, पाणी पण सांडते आणि करंट पण मारते," आणि हे वाक्य मग परत वीस लोकांसमोर पहिल्यापासून ट्राय करावं लागतं, तेही नागपुरात नाही.