कोटेशन, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आणि ऑर्डर कन्फर्मेशन

मालाच्या किंवा कामाच्या व्यवहारात पक्के बिल होण्यापूर्वी विक्रेत्याकडून ग्राहकाकडे जाणारे तीन कागद. कोणता माल कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर देता येईल हे सांगणारे दरपत्रक म्हणजे कोटेशन. पुढे होणाऱ्या बिलाचा आगाऊ तयार केलेला नमुना म्हणजे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. तो बहुधा अ‍ॅडव्हान्स मिळवण्यासाठी, बँकेच्या कर्जासाठी किंवा परदेशी ग्राहकाला पतपत्र, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, उघडता यावे म्हणून दिला जातो. ग्राहकाची परचेस ऑर्डर आपण स्वीकारली आहे आणि कोणत्या अटींवर स्वीकारली आहे, हे विक्रेत्याने लेखी कळवणे म्हणजे ऑर्डर कन्फर्मेशन. त्यालाच ऑर्डर अ‍ॅक्सेप्टन्स असेही म्हणतात. पुण्याच्या भोसरी, पिंपरी आणि चाकण औद्योगिक पट्ट्यात शेवटच्या दोन कागदांना पीआय आणि ओए ही संक्षिप्त नावे रूढ आहेत. तिन्हींवर मालाचे वर्णन, नग, दर आणि कर सारखेच छापलेले असल्याने नवा व्यापारी एकाच्या जागी दुसरा पाठवतो. त्याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो : कोणाच्या अटी लागू होतात हे ठरवताना आणि जीएसटीच्या हिशेबात.

कोटेशनचे कायदेशीर स्वरूप हा यातील सर्वांत वादाचा भाग आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ यात ‘कोटेशन’ नावाची वेगळी संज्ञा नाही. तेथे प्रस्ताव आणि स्वीकृती एवढ्याच दोन पायऱ्या आहेत. म्हणून प्रश्न असा उरतो, की विक्रेत्याने कळवलेला दर हाच प्रस्ताव मानायचा, की ग्राहकाने प्रस्ताव द्यावा यासाठीचे ते केवळ आवाहन समजायचे. दर हाच प्रस्ताव मानला, तर ग्राहकाने होकार कळवताच करार पूर्ण होतो आणि विक्रेत्याला मागे फिरता येत नाही. ते आवाहन मानले, तर ग्राहकाची ऑर्डर हा पहिला प्रस्ताव ठरतो आणि होकार-नकाराचा अधिकार विक्रेत्याकडे राहतो. या बाबतीत प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाचा, १८९३ मधील हार्वी विरुद्ध फेसी हा निवाडा नेहमी पुढे केला जातो. जमेकातील एका मालमत्तेची किमान रोख किंमत तारेने विचारली असता ९०० पौंड असे उत्तर आले. हे उत्तर म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, असे ठरले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५१ मधील मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या प्रकरणात हाच मार्ग धरला. कूर्गमधील एका बंगल्याबाबत मालकाने ‘दहा हजार रुपयांपेक्षा कमी घेणार नाही’ असे तारेने कळवले होते. तेवढ्याने मालक विक्रीला बांधला गेला नाही.

या निवाड्यांवरून ‘कोटेशन कधीच बंधनकारक नसते’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो घाईचा वाटतो. वरील दोन्ही तारांमध्ये किमतीपलीकडे काहीच नव्हते, तर कारखान्याच्या कोटेशनमध्ये नग, ड्रॉइंग क्रमांक, दर, कर, माल देण्याची मुदत आणि पैसे देण्याच्या अटी असे सर्व काही असते. इतका पूर्ण मजकूर असलेले आणि ठरावीक ग्राहकाला उद्देशून दिलेले कोटेशन प्रस्ताव ठरण्याची शक्यता बरीच असते, कारण न्यायालय मथळ्यापेक्षा मजकूर आणि वागणूक पाहते. ज्या विक्रेत्याला तसे नको असेल, त्याने ‘ही ऑर्डर आमच्या लेखी स्वीकृतीनंतरच पक्की समजावी’ हे वाक्य कोटेशनवरच लिहावे. ऑर्डर कन्फर्मेशनला खरे वजन मिळते ते या वाक्यामुळे.

कोटेशनवरील वैधतेच्या मुदतीबद्दलही गैरसमज आहे. ‘दर १५ दिवस वैध’ असे लिहिल्याने ती मुदत संपताच प्रस्ताव आपोआप संपतो, हे करार अधिनियमाच्या कलम ६ वरून स्पष्ट आहे. मात्र पंधरा दिवस दर बदलणार नाही असे बंधन त्यातून निघतेच असे नाही. कलम ५ नुसार ग्राहकाने स्वीकृती पाठवण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, आणि तो उघडा ठेवण्याबद्दल काही मोबदला घेतलेला नसेल, तर नुसते आश्वासन सहसा पुरत नाही. पोलादाचे भाव चढत असताना हा मुद्दा दोन्ही बाजूंना महत्त्वाचा ठरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भोसरीतील एक छोटे मशीनशॉप चाकणच्या एका कारखान्याला ५०० बुशांचे कोटेशन देते. दर नगाला ४८० रुपये, माल भोसरीतून ग्राहकाने उचलायचा, जीएसटी १८ टक्के वेगळा, करासह रकमेच्या निम्मा अ‍ॅडव्हान्स, आणि अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून चार आठवड्यांत माल. आठ दिवसांनी परचेस ऑर्डर येते. नग आणि दर तेच असतात, पण मागच्या बाजूला छापील अटी असतात : माल चाकणला पोहोच, पैसे ४५ दिवसांनी, आणि उशीर झाल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का कपात.

मशीनशॉपच्या दृष्टीने ऑर्डर आली, म्हणजे काम मिळाले. कायद्याच्या दृष्टीने मात्र अजून काहीही ठरलेले नाही. कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते; अटी बदलून दिलेला होकार हा नवा, उलट प्रस्ताव असतो. आता मशीनशॉपने काही न कळवता बार कापायला घेतले आणि माल पाठवला, तर कलम ८ लागू होण्याचा धोका असतो. प्रस्तावातील अटींप्रमाणे काम करणे हीदेखील स्वीकृतीच असते, म्हणजे चाकणचे भाडे, ४५ दिवसांची उधारी आणि कपात हे सर्व न बोलता मान्य झाले, असा युक्तिवाद ग्राहकाला करता येतो. याउलट काम सुरू करण्यापूर्वी मशीनशॉपने ऑर्डर कन्फर्मेशन पाठवले, त्यात परचेस ऑर्डरचा क्रमांक व तारीख घातली आणि ‘माल भोसरीतून, निम्मा अ‍ॅडव्हान्स, उशिराबद्दलची कपात मान्य नाही’ असे लिहिले, तर चेंडू पुन्हा ग्राहकाकडे जातो. त्यानंतर ग्राहकाने अ‍ॅडव्हान्स भरला, तर त्याच्या त्या कृतीतून मशीनशॉपच्या अटी मान्य झाल्या, असे म्हणायला चांगला आधार मिळतो.

अटींच्या अशा देवाणघेवाणीवर इंग्लंडमधील बटलर मशीन टूल विरुद्ध एक्स-सेल-ओ हा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला निवाडा आजही अभ्यासला जातो. विक्रेत्याने १९६९ मध्ये ७५,५३५ पौंडांचे कोटेशन दिले होते आणि त्यात किंमतवाढीची अट होती. ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये ती अट नव्हती. तिच्या तळाशी ‘तुमच्या ऑर्डरवरील अटींवर ती स्वीकारतो’ अशा आशयाची फाडून परत पाठवायची पावती होती. विक्रेत्याने पावतीवर सही करून ती परत केली, सोबतच्या पत्रात आपल्या कोटेशनचा उल्लेखही केला, आणि पुढे २,८९२ पौंड जादा मागितले. ती मागणी फेटाळली गेली. लॉर्ड डेनिंग यांनी सर्व कागद एकत्र वाचून सहमती कशावर झाली हे पाहावे असे सुचवले, तर इतर दोन न्यायाधीशांनी प्रस्ताव आणि उलट प्रस्ताव या जुन्याच क्रमाने निकाल दिला. आपल्या कलम ७ ची भाषा पाहता हा दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटतो. नव्या व्यापाऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच, की ग्राहकाने पाठवलेल्या परचेस ऑर्डरच्या प्रतीवर ‘स्वीकारले’ असे लिहून सही-शिक्का मारून देणे आणि स्वतःच्या लेटरहेडवर ऑर्डर कन्फर्मेशन देणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिल्या प्रकारात ग्राहकाच्या मागच्या बाजूच्या अटींवरही सही होते. ईमेलने झालेली अशी देवाणघेवाणही ग्राह्य असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०-क ने ही शंका दूर केली आहे.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइसचे काम मुख्यतः पैशाच्या मागणीचे आहे. वरील उदाहरणात मालाची किंमत २,४०,००० रुपये, केंद्र व राज्य मिळून जीएसटी ४३,२०० रुपये, एकूण २,८३,२०० रुपये. प्रोफॉर्मावर ही रक्कम दाखवून तिच्या निम्मे, म्हणजे १,४१,६०० रुपये मागितले जातात. मशीन घेणाऱ्या उद्योजकाकडे बँक हाच कागद मागते, कारण कर्जाची रक्कम कोणत्या विक्रेत्याला आणि किती द्यायची हे त्यावरून कळते. प्रोफॉर्मा ऑर्डर कन्फर्मेशननंतर दिला, तर तो ठरलेल्या व्यवहाराचा हिशेब असतो. ऑर्डर येण्यापूर्वीच दिला आणि ग्राहकाने त्यावरून पैसे भरले, तर तोच प्रस्ताव ठरू शकतो. म्हणून अशा वेळी त्यावर कोटेशनमधील सर्व अटी उतरवणे आवश्यक असते.

प्रोफॉर्मावर करासह रक्कम छापलेली असली, तरी ते करबीजक नसते. मालाच्या बाबतीत केंद्रीय जीएसटी अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ प्रमाणे करबीजक माल बाहेर पडताना किंवा त्यापूर्वी करावे लागते. आलेल्या अ‍ॅडव्हान्सबद्दल रिसीट व्हाउचर द्यायचे असते. १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेनंतर मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर नियमित करदात्याला त्याच वेळी कर भरावा लागत नाही. सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवर मात्र तो भरावा लागतो, म्हणून मशीनची विक्री आणि दुरुस्ती दोन्ही करणाऱ्याने हा फरक सांभाळावा. ग्राहकाच्या बाजूने होणारी नेहमीची चूक म्हणजे प्रोफॉर्मा खरेदी म्हणून नोंदवून करवजावट घेणे. कलम १६ नुसार वजावटीसाठी करबीजक किंवा विहित कागद हातात लागतो. शिवाय विक्रेत्याने प्रोफॉर्मा विवरणपत्रात भरलेला नसल्याने ती रक्कम ग्राहकाला जीएसटी पोर्टलवर मिळणाऱ्या GSTR-2B या वजावटीच्या पत्रकात दिसत नाही, आणि चूक बहुधा तेथेच उघडकीस येते. विक्रेत्याची जुळी चूक म्हणजे प्रोफॉर्माला पक्क्या बिलाच्या मालिकेतला क्रमांक देणे. बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात. ऑर्डर रद्द झाली, की त्या मालिकेत खाडा पडतो आणि तपासणीत त्याचा खुलासा द्यावा लागतो. म्हणून पीआयची मालिका वेगळी ठेवावी. अ‍ॅडव्हान्स घेतल्यावर मालच गेला नाही आणि बिल झालेच नाही, तर पैसे परत करताना रिफंड व्हाउचर द्यायचे असते.

निर्यातीत प्रोफॉर्मावरून परदेशी ग्राहक आपल्या बँकेत पतपत्र उघडतो. नंतर कागद सादर करताना मात्र तोच कागद चालत नाही : पतपत्रात ‘इन्व्हॉइस’ मागितले असेल, तर ‘प्रोफॉर्मा’ असे शीर्षक असलेला कागद आंतरराष्ट्रीय बँकिंग प्रथेनुसार स्वीकारला जात नाही.