स्पर्धा परीक्षेसाठीचे स्थलांतर (मराठवाडा)

मराठवाड्याच्या खेड्यांतून पदवीनंतर पुण्यात जाऊन राहणे आणि राज्यसेवा, पोलीस उपनिरीक्षक, तलाठी अशा सरकारी पदांसाठी वर्षानुवर्षे तयारी करणे, असे या स्थलांतराचे स्वरूप आहे. बीडमधून ऊसतोडीला कोयता घेऊन अख्खे बिऱ्हाड निघते आणि हंगाम संपला की परतते. परीक्षेच्या या स्थलांतरात मात्र घर गावातच राहते, एकटा मुलगा किंवा मुलगी जाते आणि परतीची तारीख कुणालाच सांगता येत नाही.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि इमारतींत ही मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात. भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. एका खोलीत चार-पाच खाटा, खाली ट्रंक, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. जेवण मेसचे. दिवस जातो अभ्यासिकेत, जिथे महिन्याच्या पैशांत एक खुर्ची आणि टेबलाचा एक कप्पा मिळतो.

खर्चाचा हिशेब शेताशी जोडून मांडल्याशिवाय या स्थलांतराचा घरावरचा भार कळत नाही. उदाहरणादाखल खाटेचे 3,000, मेसचे 3,000, अभ्यासिकेचे 1,200 आणि पुस्तके, फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज मिळून 800 रुपये धरू. महिन्याला 8,000 म्हणजे वर्षाला 96,000 झाले. आता गावाकडे चार एकर कोरडवाहू सोयाबीन आहे आणि एकरी आठ क्विंटल उतारा पडला असे समजू. 32 क्विंटल माल 4,200 रुपयांनी गेला तर 1,34,400 रुपये हाती येतात. बी, खत, फवारणी, काढणी-मळणी यांचा एकरी 18,000 खर्च वजा केला की 62,400 उरतात. 2024-25 चा 4,892 रुपये हमीभाव मिळाला असता तरी शिल्लक 84,544 रुपयेच होते. म्हणजे हमीभावातही एका मुलाचे पुणे भागत नाही, आणि यात घरच्यांच्या पोटाचा खर्च अजून धरलेलाच नाही.

दुसरी अडचण वेळेची. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच येतो, खाटेचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. मधले महिने आडत्याकडची उचल, बचत गटाचे कर्ज किंवा आईचे गहाण पडलेले डोरले भरून काढते. पाऊस दगा देतो तेव्हा मेसमधली दुपारची वेळ आधी बंद होते; पुण्यात एकवेळ जेवणारी मुले त्या वर्षीचा मराठवाड्यातला पाऊस नेमका सांगू शकतात.

राज्यसेवेसाठी वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे आहे. एकविशीत आलेल्याला थांबण्याचा टप्पा नियम दाखवत नाही, तो त्याने स्वतः ठरवायचा असतो. जागा थोड्या असल्याने बहुतेकांची निवड होणार नसते, हे साऱ्यांना ठाऊक असते; पण पूर्वपरीक्षा दोन-तीन गुणांनी हुकली की पुढचे वर्ष सोडवत नाही. मुलगा अडकला हे ओळखता येते. तो राज्यसेवेवरून संयुक्त परीक्षेवर, तिथून तलाठी भरतीवर येतो. पोळ्याला, मग दिवाळीलाही गावी यायचे टाळतो. चुलत भावाच्या लग्नालाही ‘पेपर आहे’ म्हणतो. वेशीवर बसलेल्या माणसांचा ‘काय झालं रं निकालाचं?’ हा एक प्रश्न त्याला नको असतो.

मुलींचा हिशेब वेगळा आहे. त्यांना घरून दोन-तीन वर्षांची मुदत मिळते आणि स्थळ आले की तीही आटते. भावाला आठ वर्षे पैसे पाठवणारे घर बहिणीला दुसऱ्या प्रयत्नानंतर परत बोलावते, हा या साऱ्यातला सर्वांत उघड अन्याय आहे. मुलांची लग्ने उलट्या कारणाने रखडतात: मुलीकडचे नोकरी विचारतात आणि ‘अभ्यास चालू आहे’ हे उत्तर तिशीनंतर कुणी ऐकून घेत नाही.

बदल सर्वांत आधी बोलीत होतो. ‘मी जेवायलो’ म्हणजे ‘मी जेवतो आहे’, हे मराठवाड्यात कुणाला समजवावे लागत नाही. पुण्यात मात्र ऐकणारा ‘जेवायला काय?’ म्हणून थांबतो, कधी हसतो. महिन्याभरात ‘करायलो’, ‘जायलो’ जाऊन ‘करतोय’, ‘जातोय’ येते. मुलाखतीत बोली उघडी पडू नये ही धास्तीही त्यामागे असते. घरचा फोन आला की तोच मुलगा अभ्यासिकेच्या जिन्यात येतो, आवाज खाली घेतो आणि आईला सांगतो, ‘व्हय, जेवलो. आता वाचायलो.’ खुर्चीवर परतला की शेजाऱ्याला म्हणतो, ‘घरचा फोन होता.’