मर्मर असलेलं निरोगी हृदय आणि मर्मर नसलेलं आजारी हृदय

पाच वर्षांच्या मुलाला ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ छातीवर धरला आणि म्हणाले, "थोडा मर्मर ऐकू येतोय." घरी पोहोचेपर्यंत या वाक्याचं 'हृदयाला छिद्र आहे' असं रूपांतर झालेलं असतं. मुलाचं पळणं बंद होतं, आजी त्याला जिना चढू देत नाही. आणि बहुतेक वेळा त्या हृदयात काहीही बिघडलेलं नसतं.

मर्मर हा रोग नाही, आवाज आहे. झडपा मिटताना हृदयाचे 'लब' आणि 'डब' असे दोन ठोके पडतात. त्यांच्या मधल्या वेळात रक्त खळबळून वाहिलं की जो आवाज येतो तो मर्मर. मुलांची छाती पातळ असते, हृदय स्टेथोस्कोपच्या अगदी जवळ असतं आणि रक्त वेगाने वाहत असतं. त्यामुळे निरोगी मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांत लहानपणी कधी ना कधी असा आवाज सापडतो. तापात किंवा रक्त कमी असताना हृदय जोरात काम करतं, तेव्हा तो आणखी स्पष्ट होतो. म्हणूनच तापात सापडलेला मर्मर ताप उतरल्यावर पुन्हा ऐकावा लागतो. जन्मजात हृदयदोष मात्र हजार बाळांत आठ-नऊ जणांनाच असतो. याचा अर्थ, मर्मर ऐकू येणारी बहुतेक मुलं निरोगीच असतात.

निरोगी मर्मरांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या मर्मरला स्टिल यांचं नाव आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १९०९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ताणलेली तार छेडल्यासारखा तो वाजतो असं लिहिलं. ते वर्णन आजही चपखल बसतं. हा आवाज घासल्यासारखा खरखरीत नसतो, सुरेल गुणगुण असते. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला तो ऐकू येतो, आणि वय साधारण तीन ते सात-आठ वर्षांचं असतं.

तो ओळखण्याची मुख्य युक्ती एका पैशाचीही नाही. मुलाला आधी झोपवून ऐकायचं, मग उभं करून. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, प्रवाह मंदावतो आणि स्टिलचा मर्मर विरतो. याच्या उलट घडलं, म्हणजे उभं राहिल्यावर आवाज वाढला, तर सावध व्हायला हवं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्यात डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायची वाट आधीच अरुंद असते. आत रक्त कमी आलं की कप्पा आक्रसतो आणि ती वाट आणखी चिंचोळी होते. घरात कुणी तरुण वयात अचानक दगावलं होतं का, हा प्रश्न डॉक्टर म्हणूनच विचारतात. तो ऐकून मन धास्तावतं, पण उत्तर खरं द्यावं.

दुसरी गोष्ट 'डब'ची. हा आवाज खरं तर दोन झडपांचा असतो, महाधमनीची आणि फुफ्फुसधमनीची. श्वास आत घेतला की हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, फुफ्फुसधमनीची झडप क्षणभर उशिरा मिटते आणि 'डब' दुभंगतो. श्वास सोडला की तो पुन्हा एक होतो. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर मात्र तो श्वास घेतानाही आणि सोडतानाही दुभंगलेलाच राहतो. या छिद्राचा मर्मर इतका सौम्य असतो की तो निरोगी समजला जाण्याचा धोका खरा आहे. चांगला डॉक्टर मर्मर ऐकू आल्यावरही 'डब'वर कान देऊन का थांबतो, ते यावरून लक्षात येईल.

बाकीच्या खुणा पटकन सांगतो. आवाज दोन ठोक्यांमधल्या लांब विश्रांतीत, म्हणजे 'डब'नंतर येत असेल, खरखरीत आणि मोठा असेल, किंवा छातीवर तळहात ठेवल्यावर थरथर जाणवत असेल, तर टूडी इको करून घ्यायलाच हवा. मूल धडधाकट आहे, वजन वाढतंय, मर्मर मऊ आहे आणि बाकी तपासणी स्वच्छ आहे, तर अनुभवी कानाला बहुतेकदा इकोची गरज पडत नाही. अशा मुलाच्या खेळण्यावर कसलंही बंधन घालू नये.

आता उलटी बाजू. आवाज मोठा तर आजार मोठा, असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र असेल तर मर्मर जोरदार येतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जसं फुसफुसत उडतं, तसंच रक्त बारीक छिद्रातून जोरात निसटतं. अशी अनेक छिद्रं आपोआप बुजतात. मोठ्या छिद्राचा आवाज मात्र जन्मानंतर पहिले काही दिवस येतच नाही. तेव्हा फुफ्फुसातला दाब अजून चढा असतो, दोन्ही कप्प्यांत दाबाचा फरक नसतो, मग छिद्रातून रक्त धावणार तरी कशाला? हा दाब उतरत जातो आणि चौथ्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ दूध पिताना दमू लागतं, कपाळावर घाम येतो, वजन अडतं. प्रसूतीनंतरच्या तपासणीत 'हृदय ठीक' असा शेरा असूनही हे होऊ शकतं, आणि त्यात तपासणाऱ्याची चूक असतेच असं नाही.

सर्वांत घातक दोषांपैकी काही तर पूर्ण मुके असतात. महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांची अदलाबदल झालेलं हृदय घ्या. शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच जातं आणि फुफ्फुसातलं शुद्ध रक्त पुन्हा फुफ्फुसातच. ही दोन चक्रं वेगळी फिरत राहतात. गर्भात असताना दोन धमन्यांना जोडणारी एक नळी उघडी असते, डक्टस आर्टेरिओसस. ती आणि वरच्या पडद्यातली फट यांतून जे थोडंफार रक्त मिसळतं, त्यावर बाळ जगत असतं. निरोगी बाळात ही नळी दोन-तीन दिवसांत मिटते. अशा बाळातही ती मिटू लागते, आणि तोवर आई-बाळ घरी पोहोचलेले असतात.

हे बाळ निळं दिसणार नाही का? तिथे डोळा अपुरा पडतो. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ घसरेपर्यंत निळेपणा अनेकदा नजरेत भरत नाही, आणि सावळ्या त्वचेवर तर तो आणखी लपतो. डोळ्याची ही उणीव भरून काढण्यासाठीच नवजात बाळांची ऑक्सिमीटर तपासणी आली. कोविडमुळे घराघरांत माहीत झालेलं हे यंत्र लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. त्यामागची कल्पना जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. अमेरिकेने ही तपासणी २०११ मध्ये नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत घातली.

ती करतात कशी, ते एका कल्पित बाळावर पाहू. बाळ तीस तासांचं आहे, वजन तीन किलो, दूध ओढतंय, मर्मर नाही, उद्या डिस्चार्ज. सिस्टर बाळ शांत आणि उबदार असताना उजव्या हाताला चिकटपट्टीसारखा सेन्सर गुंडाळतात, नंतर एका पायाला. उजवाच हात, कारण त्याला रक्त डक्टसच्या आधी फुटणाऱ्या शाखेतून मिळतं, तर पायाला डक्टसच्या पुढचं. पडद्यावरची लहर स्थिर झाली की आकडे लिहायचे. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर बाळ पास. मधले आकडे आले, किंवा फरक जास्त आला, तर एक तासाने पुन्हा मोजायचं. कुठेही ९० च्या खाली आलं तर पुन्हा मोजण्यासाठी तासभर थांबायचं नाही.

आपल्या बाळाचे आकडे हातावर ८६, पायावर ८८. सेन्सर नीट बसलाय ना, हे पाहून सिस्टर लगेच बालरोगतज्ज्ञांना बोलावतात. ऑक्सिजन लावून आकडा फारसा हलत नाही, ही फुफ्फुसापेक्षा हृदयाकडे बोट दाखवणारी खूण. टूडी इकोमध्ये धमन्यांची अदलाबदल दिसते. लगेच प्रोस्टाग्लँडिनचं सलाईन सुरू होतं, ज्याने मिटू लागलेला डक्टस उघडा राहतो. या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून दुसऱ्या रुग्णालयात हलवताना सोबत श्वास सांभाळणारं माणूस हवंच. गरज पडली तर फुग्याच्या कॅथेटरने वरच्या पडद्यातली फट रुंद करतात. मग पहिल्या काही आठवड्यांत धमन्या आपापल्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया होते. ब्राझीलचे अदिब जातेने यांनी ती १९७५ मध्ये यशस्वी केली. ती फार लांबवता येत नाही, कारण डावा कप्पा फुफ्फुसाच्या कमी दाबावर काम करून ढिला पडत जातो.

आकडा कमी आला म्हणजे हृदयच बिघडलंय असंही नाही. जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, फुफ्फुसातला न उतरलेला दाब, यांतूनही आकडा पडतो, आणि या गोष्टीही घरी जाण्याआधीच कळाव्यात अशाच आहेत. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत तपासणी केली तर चुकीचे इशारे बरेच वाढतात, कारण बाळाची फुफ्फुसं अजून रुळत असतात. लवकर डिस्चार्ज द्यायचा असेल तर निघण्याच्या शक्य तेवढ्या आधी नव्हे, शक्य तेवढ्या उशिरा मोजावं. घरातला मोठ्यांचा बोटाला लावायचा चिमटा नवजात बाळाला लावू नये. त्याचा आकडा भरवशाचा नसतो.

या तपासणीलाही मर्यादा आहे. २०१२ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक बाळांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर दोषांच्या चारपैकी सुमारे तीन बाळं या तपासणीत सापडत होती. निसटणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाधमनी एका जागी चिंचोळी असण्याच्या दोषाचा असतो. त्यात ऑक्सिजन पुरेसा असतो, कमी पडतो तो पायांकडे जाणारा रक्ताचा दाब. तो सापडतो बोटांनी, जांघेतली नाडी चाचपून. ही नाडी हाताच्या नाडीपेक्षा क्षीण लागली, किंवा लागलीच नाही, तर ९८ चा आकडा असूनही इको करावा लागतो.

महाराष्ट्रात पालघरमधून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलं तपासतात, जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. शाळेतल्या तपासणीत मर्मर निघाला आणि पुढे पाठवलं, तर घाबरून न जाता पण न चुकता जावं. आणि प्रसूतीनंतर घरी निघताना बाळाच्या कार्डावर उजवा हात आणि पाय, असे दोन आकडे लिहिलेत का ते विचारावं. लिहिलेले नसतील तर तपासणी करून मगच निघावं. पास झालेलं बाळही पुढच्या आठवड्यांत दूध पिताना दमलं, घामाघूम झालं, श्वास धापेचा लागला किंवा पाय गार पडले, तर त्याच दिवशी दाखवावं, कार्डावरचे आकडे कितीही चांगले असोत.