वासेट्ठसुत्त

पाली त्रिपिटकातील एक संवादात्मक सुत्त. सुत्तनिपाताच्या महावग्गात नववे (३.९) आणि मज्झिमनिकायात ९८ वे असे ते दोन ठिकाणी आढळते. ‘न जच्चा ब्राह्मणो होति’, म्हणजे जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, ही प्रसिद्ध गाथा यातलीच. अग्गिक भारद्वाजाला उद्देशून सांगितलेल्या वसलसुत्तात तिच्याशी जुळणारी गाथा असल्याने दोन्ही प्रसंगांची अनेकदा गल्लत होते.

प्रसंग इच्छानंगलच्या वनातला. पोक्खरसातीचा शिष्य वासेट्ठ आणि तारुक्खाचा शिष्य भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण वाद घालतात. आई-बापांकडून सात पिढ्या शुद्ध असेल तो ब्राह्मण, असे भारद्वाज म्हणतो. शील आणि व्रत पाळणारा तो ब्राह्मण, असे वासेट्ठाचे म्हणणे. एकमेकांना पटवता न आल्याने ते बुद्धाकडे जातात.

बुद्धाचे उत्तर निसर्गापासून सुरू होते. गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्यात जातीची खूण शरीरावरच दिसते. माणसांत केस, डोळे, हात-पाय यांपैकी कशातही तसा भेद नाही. पुढचा टप्पा अधिक धारदार आहे. गोपालनावर जगतो तो शेतकरी, व्यापारावर जगतो तो वाणी, आणि पौरोहित्यावर जगतो तो याजक, ब्राह्मण नव्हे. म्हणजे जन्माबरोबरच पौरोहित्याचा धंदाही ब्राह्मण्याचा आधार उरत नाही. त्यानंतर ‘त्याला मी ब्राह्मण म्हणतो’ अशा पालुपदाच्या २८ गाथांत अकिंचन, अनासक्त, क्षमाशील माणसाचे वर्णन येते. शेवटी दोघे तरुण उपासक होतात.

या २८ गाथा धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गातही (३९६–४२३) आहेत. त्या मूळच्या कुठल्या, यावर मतभेद आहेत. सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग व पारायनवग्ग बरेच प्राचीन मानले जातात, कारण त्रिपिटकातच समाविष्ट असलेली निद्देस ही टीका मुख्यतः त्यांवरच आहे. महावग्गाला तसा पुरावा नाही. शिवाय जैन उत्तराध्ययनसूत्राच्या २५ व्या अध्ययनात, जयघोष-विजयघोष संवादात, जवळजवळ हेच पालुपद आहे. तिथेही माणूस कर्माने ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य वा शूद्र होतो असे म्हटले आहे. एका परंपरेने दुसरीकडून उचलले, यापेक्षा श्रमणांमध्ये फिरणाऱ्या गाथांचा साठा दोघींनी आपापल्या कथेत बसवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रश्नोत्तराची चौकट बाजूला ठेवली तरी पालुपदाच्या गाथा स्वतंत्रपणे पूर्ण वाटतात, हेही त्याला अनुकूल आहे.

अर्थाचा एक पेच उरतो. शेतकरी, वाणी यांच्या गाथांत कर्म म्हणजे चालू आयुष्यातले काम. पण ‘कम्मुना वत्तति लोको’, म्हणजे जग कर्माने चालते, या गाथेत, धावत्या रथाच्या आसाच्या खिळीचा दृष्टान्त देताना, प्राण्यांना संसारात बांधणारे कर्म अभिप्रेत दिसते. या दुसऱ्या अर्थाने मागच्या गाथा वाचल्या, तर जन्म हेच पूर्वकर्माचे फळ ठरून भारद्वाजाचा पक्ष मागच्या दाराने परत येतो. लगेच पुढची गाथा तप, ब्रह्मचर्य, संयम आणि दम यांनीच ब्राह्मण होतो असे सांगते. तेव्हा त्या ठिकाणी चालू आचरण हाच अर्थ धरावा लागतो.

सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये काढली. मराठी भाषांतर धर्मानंद कोसंबी यांचे आहे.