तुमचा ब्रेक-ईव्हन रोआस कसा काढायचा : माल, कुरिअर आणि परत येणाऱ्या ऑर्डरींचा हिशोब

मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये Purchase ROAS या रकान्यात ३ दिसला, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे तीन रुपयांची विक्री दिसली, की बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, ‘बजेट वाढवायचं का?’ आमचं उत्तर प्रत्येकाला वेगळं असतं. एखाद्याला ३ मध्ये चांगला पैसा सुटतो, तर दुसऱ्याचा त्याच ३ मध्ये प्रत्येक ऑर्डरमागे खिसा कापला जातो. जाहिरातीवर घातलेला पैसा नेमका कुठे वसूल होतो, तो आकडा म्हणजे ब्रेक-ईव्हन रोआस. तो दुकानागणिक बदलतो आणि अ‍ॅड्स मॅनेजर तो दाखवत नाही. तुमच्याच वहीतून काढावा लागतो.

उदाहरण म्हणून स्वतःच्या वेबसाइटवरून कोल्हापुरी चपला विकणारं एक दुकान घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पाहा. जोडाची किंमत जीएसटी धरून १,२६० रुपये. २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे सरकारचे ६० रुपये बाजूला काढले की दुकानाच्या हातात १,२०० उरतात. कारागिराकडून जोड ५२० ला पडतो.

इथे बहुतेक जण असा हिशोब करतात : १,२६० वजा ५२०, मार्जिन ७४०; १,२६० भागिले ७४०, म्हणजे १.७ च्या वर सगळा नफा. जरा सावध असलेला माणूस जीएसटी, खोका आणि कुरिअर वजा करतो. त्याच्याकडे ५७० रुपये उरतात आणि आकडा २.२ वर येतो. तरीही हा पोचलेल्या आणि ग्राहकाने ठेवून घेतलेल्या जोडाचा हिशोब झाला. जाहिरातीचा पैसा मात्र आलेल्या प्रत्येक ऑर्डरवर जातो, मग ती पोचो वा न पोचो.

शंभर ऑर्डरी धरून चाला

एका जोडाऐवजी १०० ऑर्डरींचा हिशोब मांडला की गोंधळ राहत नाही. आपल्या दुकानात १०० पैकी ६० ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या आणि ४० प्रीपेड आहेत. सीओडीच्या ६० मधल्या १५ दारातूनच परत येतात : फोन लागत नाही, ‘उद्या या’ म्हणतात, पैसे नाहीत म्हणतात. प्रीपेडच्याही २ पत्त्याच्या घोळामुळे परत येतात. या १७ ऑर्डरी म्हणजे आरटीओ. उरलेल्या ८३ पोचतात. त्यातल्या ८ जणांना माप बसत नाही किंवा अंगठ्याला घासतं, आणि ते पैसे परत मागतात. शेवटी ग्राहकाकडे राहतात ७५ जोड. परत आलेल्या २५ पैकी ३ घातलेले, ओले झालेले किंवा चामड्यावर डाग पडलेले असतात. ते पुन्हा विकता येत नाहीत.

आता रुपये. सगळे खर्च जीएसटी वगळून धरले आहेत.

| बाब | हिशोब | रुपये |
|---|---|---|
| खरी विक्री | ७५ × १,२०० | ९०,००० |
| विकलेल्या मालाची किंमत | ७५ × ५२० | ३९,००० |
| खराब झालेले जोड | ३ × ५२० | १,५६० |
| खोका, टेप, लेबल | १०० × ३० | ३,००० |
| जाण्याचं कुरिअर | १०० × ८० | ८,००० |
| सीओडी शुल्क, फक्त पोचलेल्यांवर | ४५ × ४० | १,८०० |
| आरटीओचं परतीचं भाडं | १७ × ७० | १,१९० |
| ग्राहकाच्या घरून परत उचल | ८ × ११० | ८८० |
| पेमेंट गेटवे, २ टक्के | ४० × १,२६० चे | १,००८ |
| एकूण खर्च | | ५६,४३८ |
| जाहिरातीसाठी उरलेले | | ३३,५६२ |

दोन बाबी तुमच्या करारात तपासून घ्या. आरटीओ झालेल्या ऑर्डरीचं सीओडी शुल्क बरेच कुरिअरवाले परत करतात, काही करत नाहीत. उलट, ग्राहकाला रिफंड दिला तरी गेटवेचं शुल्क सहसा परत येत नाही. म्हणून वर ते चाळीसच्या चाळीस प्रीपेड ऑर्डरींवर धरलं आहे.

आता भागाकार. वर कोणता आकडा ठेवायचा, यात हमखास चूक होते. अ‍ॅड्स मॅनेजर ऑर्डर नोंदली गेली त्या क्षणीची रक्कम धरतो. त्यात जीएसटी असतो, सीओडी असते आणि पुढे परत येणारा मालही असतो. म्हणजे त्याच्या लेखी विक्री १०० × १,२६० = १,२६,००० रुपये. आपल्याला आपला आकडा त्याच्याच रोआसशी ताडून पाहायचा असल्याने वर तोच ठेवायचा :

```
ब्रेक-ईव्हन रोआस = पडद्यावरची विक्री ÷ जाहिरातीसाठी उरलेले
                 = १,२६,००० ÷ ३३,५६२ = ३.७५
```

कुठे १.७ आणि कुठे ३.७५! याच दुकानाला पडद्यावर ३ दिसत असेल तर १०० ऑर्डरींमागे ४२,००० रुपये जाहिरातीला गेले आहेत, आणि परवडत होते ३३,५६२. म्हणजे ऑर्डरमागे ८४ रुपयांचा तोटा. त्यात बजेट दुप्पट केलं तर तोटाही निदान दुप्पट होणार. रोआसऐवजी Cost per purchase पाहायची सवय असेल, तर इथली मर्यादा ऑर्डरमागे ३३५ रुपये धरा.

पाच टक्क्यांच्या मालाची एक अडचण

वरच्या हिशोबात जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटी आपण धरलाच नाही, कारण त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं असं सगळे सांगतात. मिळतं, पण वापरायला जागा हवी. आपल्या दुकानाला ७५ जोडांवर भरायचा कर आहे ४,५०० रुपये. कुरिअर आणि गेटवेच्या बिलांवरच साधारण २,३०० चं क्रेडिट येतं. कारागीर जीएसटीचं बिल देत नाही असं धरलं, तरी जाहिरातीच्या करासाठी जेमतेम २,२०० ची जागा उरते. तीस हजारांच्या जाहिरातीवर कर होतो ५,४०० च्या पुढे. राहिलेले तीनेक हजार क्रेडिट लेजरमध्ये नुसते साठत जातात. त्यांचा परतावाही मागता येत नाही : खरेदीवर कराचा दर जास्त आणि विक्रीवर कमी अशा उलट्या कररचनेच्या परताव्यात सेवांवरचा कर धरला जात नाही, आणि हा नियम सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायम ठेवला. ते प्रकरणही पादत्राणं बनवणाऱ्या कंपनीचंच होतं.

हा अडकलेला कर खर्चात धरला तर जाहिरातीला उरतात सुमारे ३०,३०० रुपये आणि ब्रेक-ईव्हन जातो ४.१६ वर. १८ टक्क्यांच्या मालाला सहसा ही अडचण येत नाही. कपडे, चपला, खाद्यपदार्थ यांसारखा ५ टक्क्यांचा माल विकत असाल तर क्रेडिट लेजरमधली शिल्लक दर महिन्याला वाढते आहे का, एवढं तुमच्या सीएंना विचारा. वाढत असेल तर समजा की तुमचा खरा आकडा दिसतो त्याहून वरचा आहे. पुढची तुलना सोपी राहावी म्हणून आपण मात्र ३.७५ च धरून चालू.

आकडा कशाने हलतो

सगळ्यात जास्त सवलतीने. दिवाळीला १५ टक्के सूट दिली तर जोड १,०७१ ला जातो, जीएसटी काढून १,०२०. विक्री होते ७६,५००, आणि खर्च गेटवेचे दीडेकशे रुपये सोडले तर तेवढाच राहतो. जाहिरातीला उरतात २०,२१३ आणि ब्रेक-ईव्हन पोचतो ५.३ वर. म्हणजे सेलमध्ये रोआस ३.८ वरून ४.५ झाला म्हणून पेढे वाटणारा दुकानदार खरं तर तोट्यात गेलेला असतो. सेल लावण्याआधी आम्हाला विचारा असं आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी.

दुसरं आरटीओ. दारातून परत आलेल्या एका सीओडी ऑर्डरीत खोका, जाणं आणि येणं मिळून १८० रुपये जातात, जाहिरात वेगळीच. तीच ऑर्डर पोचली आणि ग्राहकाने ठेवली असती तर हिशोबात ७१० रुपयांचा फरक पडला असता : विक्री, माल आणि सीओडी शुल्क धरून सुटलेले ६४० आणि वाचलेलं परतीचं भाडं ७०. साठातल्या १५ ऐवजी ९ च परत आल्या, तर जाहिरातीला उरतात ३७,८२२ आणि ब्रेक-ईव्हन ३.३३ वर उतरतो. त्यामुळे माल पाठवण्याआधी फोन करून पत्ता पक्का करायला अर्धवेळ माणूस ठेवणं परवडतं. शंभर रुपये आगाऊ घेतले तर आरटीओ आणखी कमी होतो. पण ऑर्डरीही घटतात, म्हणून ते आधी थोड्या पिनकोडवर करून पाहिलेलं बरं.

माप बदलून दिलेल्या जोडाला वरच्या तक्त्यात जागा नाही. तिथे विक्री टिकते. परतीची उचल, दुसरं कुरिअर आणि दुसरा खोका मिळून २२० रुपये जातात. महिन्यात असे चार-पाचच असतील तर सोडून द्या. वीस-पंचवीस असतील तर मापाचा तक्ता चुकतोय. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून मागवा.

परतीचं प्रमाण कोणत्या तारखेवरून काढायचं

चालू महिन्याच्या कुरिअर रिपोर्टमध्ये आरटीओ नेहमी कमी दिसतो, कारण परत येणारे खोके अजून वाटेत असतात. सीओडीचा जोड दोन-तीनदा दाराशी जाऊन परत तुमच्या गोदामात यायला तीन-चार आठवडे सहज जातात. म्हणून ऑर्डर ज्या तारखेला आली त्या तारखेने गट करा आणि गटातल्या जवळजवळ सगळ्या ऑर्डरी ‘पोचली’ किंवा ‘परत आली’ अशा बंद झाल्यावरच टक्का काढा. दहातली एखादी जरी ‘वाटेत’ दाखवत असेल तर थांबा. शिवाय जाहिरातीतून आलेल्या नव्या ग्राहकांचा आरटीओ जुन्या ग्राहकांपेक्षा बहुधा जास्त असतो, त्यामुळे दुकानाची एकूण सरासरी वापरली तर आकडा खोटा दिलासा देतो.

या हिशोबात भाडं, पगार आणि फोटोंचा खर्च नाही. ब्रेक-ईव्हनवर विकून दुकानाचं वीजबिलही निघत नाही, हे लक्षात ठेवा. पुन्हा येणारा ग्राहकही यात नाही. तुमचे लोक वर्षात दुसरा जोड घेतात याची नोंद तुमच्याकडे असेल तर पहिल्या ऑर्डरीला थोडी झळ सोसता येते. नोंद नसेल तर सोसू नका. आणि पडद्यावरचा रोआस स्वतःही जरा फुगलेला असू शकतो : नुसती जाहिरात दिसून एका दिवसात घेतलेला जोडही मेटा आपल्या खात्यात धरते, मग तो माणूस एरवीही आला असता का, ते कोण सांगणार. पडताळ्यासाठी महिन्याची वेबसाइटवरची सगळी विक्री भागिले जाहिरातीचा सगळा खर्च करून पाहा. हा आकडा ब्रेक-ईव्हनच्या खाली असेल, तर पडद्यावर काहीही दिसो, बजेट वाढवायचं नाही.

तुमचा आकडा आम्ही काढून द्यायचा असेल तर ४५ दिवसांपूर्वीच्या कोणत्याही एका पूर्ण महिन्याचा कुरिअर रिपोर्ट पाठवा. त्यात ऑर्डरची तारीख, पैसे देण्याचा प्रकार, शेवटची स्थिती आणि आकारलेलं भाडं हे चार रकाने हवेत. सोबत खरेदीची बिलं आणि गेटवेचं स्टेटमेंट जोडा. कुरिअरने वजन वाढवून जादा भाडं लावलं असेल तर ते रिपोर्टात वेगळ्या ओळीत येतं. ती ओळ गाळू नका. चपलांच्या खोक्यांना आकारमानाचं वजन लागतं आणि तक्त्यातले ८० रुपये तिथे गुपचूप १०५ होतात.