चिठ्ठीवर ‘अंशतः जुळतो’ असा शेरा असेल तर

उमेदवार तुमच्याकडे मुलाखतीला येण्याआधी आमची एक पानाची चिठ्ठी येते. सोबत बायोडाटा टाचलेला असतो, तो नंतर वाचलात तरी चालेल. चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत तीनपैकी एक शेरा असतो: जुळतो, अंशतः जुळतो किंवा जुळत नाही. पहिला आणि तिसरा शेरा सगळ्यांना कळतो. मधल्या शेऱ्यावर मात्र कुपवाड-मिरजेकडून हमखास फोन येतो, “म्हणजे घ्यायचा का नाही, ते सांगा की!” म्हणून हे पत्रक.

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. जागा होती व्हीएमसी सेटरची. मशीनवर फॅनुक कंट्रोल, आणि मुख्य काम ४० एच७ बोअरचं, म्हणजे बोअर ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटरमध्येच बसला पाहिजे. दोन उमेदवार आले. पहिल्याचा फॅनुकवर आठ वर्षांचा अनुभव. दुसरा तासगावकडचा, पाच वर्षं काम केलेला, पण सगळं सीमेन्स कंट्रोलवर. नुसते बायोडाटे पाहिले असते तर दुसऱ्याला आम्ही बोलावलंही नसतं.

दोघांना एकाच मशीनवर एकच जॉब दिला. पहिल्याचा हात झपाझप चालत होता. व्हाइसला डायल लावला, G54 घेतला, बोअर मारला, आणि मोजायला व्हर्नियर उचलला. बोअर गेज शेजारीच ठेवलेला होता. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर आणि इथली सगळी मुभाच ०.०२५. बोअर आत आहे की बाहेर, हे त्याला त्या मापावरून कळणं शक्यच नव्हतं. “गेज का नाही घेतला?” असं विचारल्यावर म्हणाला, “तिकडं क्वालिटीवाले बघायचे.” खोटं बोलला नाही, पण तुमच्या सेकंड शिफ्टला क्वालिटीचा माणूस नसतो.

दुसऱ्याला पहिला पीस काढायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. सीमेन्सवर टूलची लांबी टूलच्या D नंबराबरोबर आपोआप लागू होते, फॅनुकवर मात्र ती G43 लिहून मागवावी लागते. तिथेच त्याची चूक झाली. तिसरं टूल बोलावलं आणि ओळ अशी ठेवली:

```
T03 M06
G43 H02 Z50.
```

H02 हे आधीच्या आखूड टूलचं माप. तसंच पुढं जाऊ दिलं असतं तर टूल जॉबमध्ये घुसलं असतं. पण त्याने सिंगल ब्लॉक चालू ठेवला होता, रॅपिड २५ टक्क्यांवर आणला होता आणि नजर स्क्रीनवरच्या राहिलेल्या अंतरावर होती. टूल नको तितकं खाली उतरतंय हे दिसताच त्याने फीड होल्ड दाबला आणि H03 केलं. मग बोअर आधी ३९.८ वर आणला, गेज लावला, शेवटचा कट घेतला. माप आलं ४०.०१४.

पहिल्याला आम्ही ‘जुळत नाही’ लिहिलं, दुसऱ्याला ‘अंशतः जुळतो’. हा शेरा देताना प्रश्न एवढाच असतो की जे कमी आहे ते तुमच्या शॉपमध्ये भरून निघेल का, आणि किती दिवसांत. फॅनुकची सवय चांगल्या सेटरच्या हाताखाली तीन-चार आठवड्यांत होते. नवा प्रोग्रॅम जपून चालवायची आणि योग्य साधनाने मोजायची सवय आठ वर्षांत लागली नसेल, तर ती तुम्ही लावाल यावर आम्ही पैज घेणार नाही. मात्र तुमच्याकडे शिकवणारा सेटरच नसेल, तर हाच मुलगा तुमच्यापुरता ‘जुळत नाही’. म्हणून जागा नोंदवताना शिफ्टला कोण असतं हे आम्ही खोदून विचारतो.

चिठ्ठीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे ‘पाहिलं’, ‘विचारलं’ किंवा ‘सांगितलं’ असं लिहिलेलं असतं. ‘पाहिलं’ म्हणजे आमच्यासमोर झालं. ‘विचारलं’ म्हणजे जुन्या सुपरवायझरकडून कळलं. ‘सांगितलं’ म्हणजे फक्त उमेदवाराचा शब्द. या मुलाने फोर्थ अ‍ॅक्सिसवर थोडं काम केल्याचं सांगितलं, आम्ही पाहिलेलं नाही. मुलाखतीत नेमकं तेच मशीनवर करून घ्या.

गाव, आडनाव, लग्न झालंय का, हे चिठ्ठीत नसतं. विचारलंत तरी आम्ही लिहून देत नाही. सकाळच्या शिफ्टला वेळेत पोचेल का, हे मात्र असतं.

एक अडचण सांगून ठेवतो. उमेदवार जिथे सध्या कामाला आहे तिथे आम्ही फोन करत नाही, कारण त्याने अजून राजीनामा दिलेला नसतो. त्यामुळे सध्याच्या कामाबद्दलच्या बहुतेक मुद्द्यांपुढे ‘सांगितलं’च दिसेल. तुमचं ऑफर लेटर गेलं, त्याने राजीनामा दिला की आम्ही तिथे विचारतो आणि दुसरी, दोन-चार ओळींची चिठ्ठी पाठवतो. ती हातात पडेपर्यंत पक्कं नेमणूकपत्र देऊ नका.