रिपीटर मधोमध, तरी वेग निम्मा का?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अनेक जुनी घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब आहेत. इंटरनेटची वायर पुढच्या सोप्यात येते, त्यामुळे राउटरही तिथेच बसतो. पुढे माजघर, जाड भिंती, आणि पार मागे परसाकडची खोली. तिथे मुलांचा ऑनलाइन क्लास अडखळायला लागला की माजघरात राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रिपीटर लावला जातो. मोबाइलवर सिग्नलच्या रेघा भरतात, पण वेग मोजला तर अपेक्षेच्या निम्मा! मग रिपीटरच खराब निघाला असं समजून तो बदलायला नेला जातो. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो.

हिशेबापुरते आकडे धरू. प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा आहे. सोप्यातून माजघरापर्यंत वायफाय प्रत्यक्षात ६० एमबीपीएस देतं आणि माजघरातून मागच्या खोलीपर्यंतही ६०. दोन्ही टप्पे ६०चे, तर मागेही ६० मिळायला हवेत, असं कुणालाही वाटेल. मिळतात ३०.

साध्या रिपीटरमध्ये एकच रेडिओ असतो, आणि तो एका वेळी एकाच चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर असतो. राउटरशी बोलायचं तर राउटरच्याच चॅनलवर, आणि मागच्या खोलीतल्या मोबाइलशीही त्याच चॅनलवर. त्यातही त्याला एका वेळी एकच करता येतं: ऐकणं किंवा बोलणं. तो साधारण १०० मिलिवॉटने प्रक्षेपण करतो, आणि राउटरकडून भिंत ओलांडून येणारा सिग्नल एखाद्या नॅनोवॉटइतका असू शकतो. म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज येणाऱ्या सिग्नलच्या दहा कोटी पट मोठा. बोलत असताना ऐकू येणं शक्यच नाही.

मग रिपीटर बोलतोय तेवढ्या वेळात राउटरने पुढचा डेटा पाठवून ठेवावा, असंही होत नाही. वायफायचं प्रत्येक उपकरण आधी चॅनल मोकळं आहे का ते ऐकतं आणि मगच बोलतं. त्यामुळे राउटर थांबून राहतो. ६० मेगाबिटची फाइल माजघरापर्यंत यायला एक सेकंद, तिथून मागे जायला आणखी एक सेकंद. तोच डेटा हवेतून दोनदा गेला, ६० मेगाबिटला दोन सेकंद लागले, म्हणून वेग ३०.

आता रिपीटर मागच्या खोलीच्या दाराशी सरकवला तर? मोबाइलला तो ९० एमबीपीएस देईल, पण राउटरपासून दूर गेल्यामुळे पहिला टप्पा, समजा, २०वर येईल. ६० मेगाबिटला पहिल्या टप्प्यात तीन सेकंद आणि दुसऱ्यात पाऊण सेकंदाहून थोडा कमी वेळ. एकूण वेग जेमतेम १६. सिग्नलच्या रेघा मात्र सगळ्या भरलेल्या दिसतील, कारण त्या फक्त मोबाइलला रिपीटरचा सिग्नल किती जोरात मिळतो ते सांगतात. राउटर ते रिपीटर हा टप्पा त्यांना कळत नाही. रिपीटर राउटरला चिकटवला तरी गणित तसंच, फक्त उलट्या बाजूने. म्हणजे निम्मा वेग देणारी मधली जागाच सहसा सगळ्यात चांगली जागा असते. आणि रिपीटरशिवाय मागच्या खोलीत ८ मिळत असतील, तर ३० हा मोठाच फायदा आहे. निम्मा होतो तो एका टप्प्याचा वेग. मागच्या खोलीला आधी मिळत होता, त्याचा नव्हे.

हे आपल्याच घरात तपासता येतं. माजघरात रिपीटरशेजारी उभं राहा. आधी मोबाइल थेट राउटरच्या नावाला जोडून वेग मोजा, मग रिपीटरच्या नावाला जोडून. काही रिपीटर मूळ नावाला `_EXT` असं जोडतात, त्यावरून ओळखता येईल. दोन्ही नावं सारखीच ठेवली असतील, तर पहिल्या मोजणीपुरता रिपीटर बंद करा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास आला तर कारण हेच. एक अपवाद लक्षात ठेवा: प्लॅनच ३० एमबीपीएसचा असेल, तर हवेतली ही घट दिसणारच नाही, कारण वेग तिथे प्लॅनने अडवलेला आहे.

यातून सुटायचं तर दोन्ही टप्पे एकाच चॅनलवर ठेवायचे नाहीत. दोन रेडिओंचा रिपीटर राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर आणि मोबाइलशी २.४वर बोलू शकतो. मग दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, आणि वेग दोन टप्प्यांतल्या हळू टप्प्याइतका मिळतो. पण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींमध्ये जास्त क्षीण होतात. त्यामुळे जुन्या घरात पहिला टप्पाच लंगडा पडू शकतो.

अशा घरात मला लॅन केबलच जास्त पटते. सोप्यातून माजघरापर्यंत केबल ओढायची आणि तिथलं उपकरण अॅक्सेस पॉइंट मोडवर लावायचं, म्हणजे ते केबलने आलेलं इंटरनेट वायफायने पुढे देतं. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, अशा लांब घरालाही ती सहज पुरते. पहिला टप्पा हवेतून निघून जातो, हवेत उरतो फक्त दुसरा, आणि मागच्या खोलीत पूर्ण ६० पोचतात.